गज वीसच, मग किलो का वाढले?

महिन्याची तीन तारीख. पुणे परिसरातल्या एका मध्यम मशिन शॉपमध्ये सकाळची बैठक भरली होती. पडद्यावर एकाच प्रॉडक्शन ऑर्डरचा हिशेब होता आणि त्याच्या तळाशी आकडा होता ३३,६०० रुपये. एक हजार पिना बनवायच्या त्या ऑर्डरवर ठरल्यापेक्षा इतका खर्च जास्त झाला होता. का झाला, असं विचारल्यावर टेबलाभोवतीच्या लोकांनी आळीपाळीनं पडद्यावरच्या ओळीच वाचून दाखवल्या. मटेरियल जास्त गेलं, लेबरचे तास जास्त लागले, ओव्हरहेड जास्त चढला.

तिन्ही वाक्यं खरी होती, पण त्यांतलं एकही कारण नव्हतं. पिना कशामुळे महाग पडल्या हे कोणी सांगितलंच नव्हतं. खर्च कोणत्या खात्यात वाढला, एवढंच सगळ्यांनी सांगितलं होतं. कॉस्ट अकाउंटंट म्हणून मी अशा बैठकांना वर्षानुवर्षं बसत आलो आहे, आणि ईआरपीमधली तफावत वाचताना होणारी सगळ्यात महागडी चूक हीच आहे, असं माझं ठाम मत आहे. अहवाल खात्यांप्रमाणे मांडलेला असतो. कारखान्यात घटना मात्र खात्यांप्रमाणे घडत नाहीत. म्हणून ती एकच ऑर्डर इथे शेवटपर्यंत उलगडून दाखवतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

आधी 'ठरलेला खर्च' म्हणजे काय ते पाहू. ही पीन साध्या पोलादी गजातून लेथवर कातून काढतात. गज ४० मिलिमीटर जाडीचा आणि ६ मीटर लांबीचा. वजन साधारण ६० किलो. पिनेची लांबी ११५ मिलिमीटर, कापताना ३ मिलिमीटर जातात, आणि शेवटचा वीतभरापेक्षा लहान तुकडा लेथच्या जबड्यात पकडायला ठेवावा लागतो. एका गजातून ५० पिना निघतात, म्हणजे एका पिनेला १.२ किलो. पोलादाचा प्रमाण भाव किलोला ७५ रुपये धरला आहे, म्हणून एका पिनेचं मटेरियल ९० रुपयांचं.

पीन कातायला ६ मिनिटं लागतात, हे इंजिनिअरिंग विभागानं घड्याळ लावून ठरवलेलं आहे. ऑपरेटरचा तास १५० रुपयांचा, म्हणून मजुरी १५ रुपये. मशिनचा तास ६०० रुपयांचा धरला आहे. त्यात गाळ्याचं भाडं, मशिनची झीज, वीज, देखभाल आणि सुपरवायझरचा पगार असं सगळं येतं. सहा मिनिटांचे ६० रुपये. एकूण १६५. हा पिनेचा प्रमाण खर्च, कारखान्याच्या भाषेत स्टँडर्ड कॉस्ट. ईआरपीमध्ये १.२ किलो हा आकडा बीओएममध्ये असतो, ६ मिनिटं राउटिंगमध्ये असतात आणि तासाचे दर कॉस्ट सेंटरला लावलेले असतात. बहुतेक कारखान्यांत हे आकडे वर्षातून एकदा नव्यानं ठरवून पक्के करतात.

पीन बनून स्टोअरमध्ये जमा झाली की संगणक तिला १६५ रुपयांनीच घेतो. प्रत्यक्षात ती १५० ला पडली की २०० ला, हे त्या क्षणी तो विचारत नाही. खर्च एका बाजूला ऑर्डरवर जमत जातो आणि मालाची किंमत दुसऱ्या बाजूनं वजा होत जाते. ऑर्डर पूर्ण झाल्यावर मध्ये जे उरतं ती तफावत.

आमच्या ऑर्डरवर १,३२० किलो पोलाद, १२४ तास मजुरी आणि १२४ तास मशिन असा खर्च पडला होता. प्रमाण दरानं तो अनुक्रमे ९९,०००, १८,६०० आणि ७४,४०० रुपये, मिळून १,९२,०००. एक हजार पिनांचा अंदाज १,६५,००० चा होता. साहजिकच बैठकीत एक जण म्हणाला, "मग फरक २७,००० चा पाहिजे, ३३,६०० कुठून आला?"

प्रश्न रास्त होता, आणि नव्यानं अहवाल वाचणारे सगळेच इथे अडखळतात. चांगल्या पिना हजार नव्हत्या, ९६० होत्या. चाळीस तपासणीत बाद झाल्या होत्या. तुलना करायची ती हजारांच्या अंदाजाशी नाही, तर जेवढा माल खरोखर हाती आला तेवढ्याला किती खर्च व्हायला हवा होता त्याच्याशी. ९६० पिनांना १६५ रुपयांप्रमाणे १,५८,४०० रुपये यायला हवे होते. सॅपसारख्या प्रणालीत आधीच्या अंदाजाला प्लॅन म्हणतात आणि झालेल्या मालावर बेतलेल्या या दुसऱ्या आकड्याला टार्गेट. टार्गेटशी तुलना केली की ३३,६०० बरोबर येतात. एक छोटी गोष्ट इथेच सांगून ठेवतो. सॅपमध्ये ही रक्कम अधिक चिन्हाची असेल तर खर्च जास्त झाला असा तिचा अर्थ. अधिक म्हणजे फायदा समजून खूश झालेली माणसं मी पाहिली आहेत.

आता मटेरियलची ओळ. ९६० पिनांना १,१५२ किलो पुरायला हवं होतं. गेलं १,३२०. जादा १६८ किलो, ७५ रुपयांनी १२,६०० रुपये. ही वापरातली तफावत. यात भाव कुठेच आलेला नाही, हे लक्षात घ्यावं. प्रत्यक्ष खरेदी कोणत्याही भावानं झालेली असो, ऑर्डरवर पोलाद प्रमाण भावानंच चढतं, कारण भावातला फरक माल आवारात येतानाच वेगळ्या खात्यात बाजूला काढलेला असतो. हेतू चांगला आहे. महाग खरेदीचा दोष लेथवरच्या माणसाच्या माथी येऊ नये. पण या कुंपणामुळेच पुढे काय होतं ते पाहा.

पहिलं काम खुर्चीत बसूनच करण्यासारखं असतं, नोंद बरोबर आहे का ते पाहण्याचं. `MB51` या पडद्यावर ऑर्डर क्रमांक आणि हालचालीचा प्रकार `261` टाकला की त्या ऑर्डरला कोणत्या दिवशी किती माल दिला गेला त्याची यादी मिळते. जादा वापराच्या निम्म्याहून अधिक कहाण्या माझ्या अनुभवात याच यादीत संपतात. दशांशचिन्ह सरकलेलं असतं, किलोच्या जागी मीटर टाकलेले असतात, किंवा शेजारच्या ऑर्डरचा माल या ऑर्डरवर चढवलेला असतो. आमच्या यादीत तसं काही नव्हतं. एकच नोंद होती, वीस गज, १,३२० किलो, वजनकाट्याच्या चिठ्ठीसकट.

वीस गज. हजार पिनांना गज वीसच लागतात. म्हणजे गज बरोबर होते आणि किलो चुकले होते. ६० किलोचा गज ६६ किलोचा कसा झाला?

याचं उत्तर संगणकात नव्हतं, ते स्टोअरच्या मागच्या शेडमध्ये होतं. स्टोअरकीपर आमच्याकडे जुने, सगळे त्यांना काका म्हणतात. मी म्हटलं, "काका, त्या ऑर्डरचे गज जरा वेगळे होते का?" ते म्हणाले, "वेगळे म्हणजे, बेचाळीसचे होते ना. चाळीस मार्केटला नव्हता त्या आठवड्यात. परचेसनं सांगितलं, चाळीसच्याच कोडवर घ्या, पीन निघाल्याशी मतलब." त्यांचं काही चुकलं नव्हतं. गज मोजून घेतले, काट्यावर वजन केलं, कागदावर लिहिलं. उलट ते वजन केलं म्हणूनच पुढचं सगळं सापडलं.

गजाचं वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ४० चा वर्ग १,६००, ४२ चा १,७६४. दोन मिलिमीटरनी जाडी पाच टक्के वाढते, पण वजन दहा टक्के. त्या दहा टक्क्यांतून पीन काही मोठी होत नाही. ते सगळं पोलाद लेथखाली चिप्स होऊन पडतं आणि भंगाराच्या भावानं जातं. हजार पिनांमागे १२० किलो. खरेदी विभागाला मात्र हा गज किलोला ७२ रुपयांत मिळाला होता, प्रमाण भावापेक्षा तीन रुपये स्वस्त. त्यांच्या अहवालात ३,९६० रुपयांची अनुकूल तफावत दिसत होती आणि महिन्याच्या आढाव्यात तिचं कौतुकही झालं होतं. आमच्या ऑर्डरवर त्याच गजामुळे ९,००० रुपयांची प्रतिकूल तफावत पडली होती. नुसत्या पोलादाचा हिशेब केला तरी ५,०४० रुपयांचा तोटा, आणि कौतुक स्वस्त खरेदीचं.

गोष्ट तिथेच थांबली नाही, कारण जाड गज कातायला वेळ जास्त लागतो. मजुरीच्या ओळीवर ९६० पिनांना ९६ तास पुरेसे होते, लागले १२४. जादा २८ तास, १५० रुपयांनी ४,२०० रुपये. याला लेबर एफिशिअन्सीची तफावत म्हणतात, आणि हे नाव मला मनापासून अन्यायाचं वाटतं. एफिशिअन्सी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लेथपाशी रेंगाळणारा माणूस येतो. वर्क्स मॅनेजरनी त्या दिवशी सुपरवायझरला तेच विचारलं. सुपरवायझरचं उत्तर असं होतं, "साहेब, एक कट जादा मारावा लागतोय प्रत्येक जॉबला. सहाचं सात मिनिटं होणारच. पोरं काय करतील?"

मी हिशेब केला. हजार जॉबना एकेक मिनिट, म्हणजे जवळपास १७ तास. बाद झालेल्या ४० पिना कातायला ४ तास गेले होतेच. तरी ७ तास उरत होते. ते शिफ्टच्या डायरीत सापडले. एके दिवशी वीज गेली होती आणि दोन मशिनं मिळून ७ तास बंद होती. बंद वेळेसाठी प्रणालीत वेगळी नोंद करायची सोय आहे, पण कन्फर्मेशन टाकणाऱ्या मुलाला ती कोणी दाखवलेली नव्हती. त्यानं हजेरीतले सगळे तास जी ऑर्डर चालू होती तिच्यावर टाकले. म्हणजे २८ तासांत ऑपरेटरच्या हातात काय होतं? फार तर ते चार तास. त्या चाळीस पिना टूल बदलल्यावर ऑफसेट चुकीचा पडल्यामुळे लहान मापाच्या निघाल्या होत्या. ती चूक मशिनवरची होती आणि ऑपरेटरनं ती स्वतःहून सांगितली.

एवढं झाल्यावर मी तोच ३३,६०० चा आकडा नव्यानं मांडला, खात्यांप्रमाणे न मांडता घटनांप्रमाणे. मजुरी आणि मशिन मिळून तासाला ७५० रुपये होतात. जाड गजामुळे पोलादाचे ९,००० आणि १७ तासांचे १२,७५०, मिळून २१,७५० रुपये. बाद पिनांमुळे चाळीस गुणिले १६५, म्हणजे ६,६०० रुपये. वीज गेल्यामुळे ७ तासांचे ५,२५० रुपये. बेरीज बरोबर ३३,६००. बैठकीत जो अहवाल 'मटेरियल, लेबर, ओव्हरहेड' असा दिसत होता, तोच आता 'गज, ऑफसेट, वीज' असा दिसू लागला. पहिल्या तिघांना जाब विचारता येत नाही. दुसऱ्या तिघांना विचारता येतो.

ओव्हरहेडची ओळ मी मुद्दाम मागे ठेवली होती. ती दिसते सगळ्यात मोठी आणि समजते सगळ्यात कमी. ऑर्डरवर मशिनचे २८ तास जादा पडले, ६०० रुपयांनी १६,८०० रुपये. पण विचार करा, हे १६,८०० रुपये कोणाला दिले? गाळ्याचं भाडं तेवढंच राहिलं. मशिनची झीज पुस्तकात तेवढीच लिहिली गेली. सुपरवायझरचा पगारही तोच. थोडी वीज आणि टूलची टोकं सोडली तर खिशातून जादा काही गेलं नाही. मग हा आकडा आला कुठून?

ओव्हरहेडची वसुली रिक्षाच्या मीटरसारखी असते. वर्षाच्या सुरुवातीला अंदाज बांधलेला असतो. लेथ विभागाचा महिन्याचा खर्च ६ लाख रुपये आणि सर्वसाधारण क्षमता १,००० तास, म्हणून तासाला ६०० रुपये. मशिन ज्या ऑर्डरवर चालेल तिच्यावर मीटर पडत राहतं आणि तेवढी रक्कम विभागाच्या, म्हणजे कॉस्ट सेंटरच्या, खात्यात जमा होत राहते. हीच ॲब्सॉर्प्शन, साध्या शब्दांत वसुली. महिनाअखेरीला कॉस्ट सेंटरचा खरा खर्च आणि झालेली वसुली समोरासमोर ठेवतात. वसुली कमी पडली तर अंडर-ॲब्सॉर्प्शन, जास्त झाली तर ओव्हर-ॲब्सॉर्प्शन.

आणि ही शिल्लक प्रॉडक्शन ऑर्डरच्या अहवालात दिसतच नाही. ती कॉस्ट सेंटरच्या अहवालात असते. अनेक कारखान्यांत उत्पादनवाले ऑर्डर पाहतात, हिशेबवाले कॉस्ट सेंटर पाहतात आणि दोन्ही कागद एकाच टेबलावर कधी येत नाहीत. मी पाहिलेल्या गैरसमजांपैकी सगळ्यात खोल गैरसमज याच फटीतून निघतो.

आमच्या लेथ विभागाचं त्या महिन्याचं चित्र असं होतं. खर्च झाला ६,२०,००० रुपये. सगळ्या ऑर्डरी मिळून ९०० तासांची नोंद झाली, म्हणजे वसुली ५,४०,०००. कमी पडले ८०,०००. यातले २०,००० खर्चच अंदाजापेक्षा जास्त झाल्यामुळे, आणि ६०,००० क्षमतेपेक्षा १०० तास कमी भरल्यामुळे. इथवर सगळे बरोबर वाचतात.

पण त्या ९०० तासांत आमच्या पिनांचे जादा २८ तासही होते, आणि इतर ऑर्डरींवरचेही असेच. त्या महिन्यात जेवढा चांगला माल निघाला त्याला प्रमाणाप्रमाणे ८०० तासच लागायला हवे होते. म्हणजे १०० तास कमी वेगात, बाद मालात आणि बंद मशिनांत गेले होते. ते ऑर्डरींवर चढले, ऑर्डरींवर ६०,००० रुपयांची प्रतिकूल तफावत दिसली, आणि तेच ६०,००० कॉस्ट सेंटरला वसुली म्हणून जमा झाले. काम जितकं रेंगाळेल तितकं कॉस्ट सेंटर निरोगी दिसतं. वीज गेलेल्या ७ तासांत मशिन फिरतच नव्हतं, तरी मीटर पडत होतं. कॉस्ट सेंटरचा अहवाल एकट्यानं वाचणाऱ्याला ८०,००० चा खड्डा दिसतो. खरा खड्डा १,४०,००० चा असतो, त्यातले ६०,००० ऑर्डरींच्या आड लपलेले असतात. म्हणून माझा आग्रह असतो की हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय कोणताच निष्कर्ष काढू नये.

वसुली वाढवण्याचा एक सोपा आणि घातक मार्गही आहे. मागणी नसताना मशिनं चालवायची. आणखी हजार पिना काढल्या की १०० तास भरतात, ६०,००० वसूल होतात आणि अंडर-ॲब्सॉर्प्शन घटते. पिना गोदामात १६५ रुपयांच्या किमतीनं पडून राहतात, म्हणजे महिन्याचं भाडं आणि पगार मालाच्या रूपानं कपाटात ठेवल्यासारखं होतं. नफा चांगला दिसतो आणि पोलादाचे पैसे देताना बँकेत अडचण येते. हिशेबाचे नियम याला थोडा आळा घालतात. साठ्याच्या मूल्यांकनाचं भारतीय मानक, इंड एएस २, सांगतं की स्थिर ओव्हरहेड सर्वसाधारण क्षमतेच्या आधारानं मालावर लावावा, आणि उत्पादन कमी झालं म्हणून जो वसूल झाला नाही तो त्याच काळातला खर्च म्हणून दाखवावा, साठ्याच्या किमतीत घुसवू नये. पण जो माल खरंच बनवला, त्याची गरज होती का, हे कोणतंही मानक विचारत नाही. ते कॉस्ट सेंटरच्या वसुलीशेजारी तयार मालाचा साठा पाहिल्यावरच कळतं. वसुली सुधारली आणि त्याच महिन्यात साठा वाढला, तर आनंद करू नये.

मघाच्या २१,७५० बद्दलही प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. तेवढे पैसे रोखीनं गेले असं नाही. रोखीत गेले ते पोलादाचे ५,०४० रुपये, त्यातलेही काही चिप्स विकून परत आले. उरलेले १२,७५० म्हणजे १७ तासांची किंमत, आणि त्या महिन्यात विभागात १०० तास रिकामे होते. त्या तासांत दुसरं कोणतं काम अडलं नाही. हाच प्रकार मशिनं भरलेली असताना घडता तर १७ तासांत होणारा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल राहिला असता आणि नुकसान १२,७५० पेक्षाही मोठं झालं असतं. तासाचा प्रमाण दर हे दोन्ही प्रसंग एकाच मापानं मोजतो. ही त्या आकड्याची मर्यादा आहे. ती लक्षात न ठेवता निर्णय घेतले तर रिकाम्या मशिनवरचं काम बाहेर देण्यासारखे उफराटे निर्णय होतात.

आतापर्यंत तफावत दिसली म्हणून शोधली. मला जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या तफावतीची. पुष्कळ कारखान्यांत नोंदींचा त्रास वाचवायला बॅकफ्लश नावाची सोय लावलेली असते. पिना तयार झाल्याचं कन्फर्मेशन टाकलं की संगणक स्वतःच बीओएम पाहून पोलाद वजा करतो. ९६० पिना, १,१५२ किलो. काट्यावर १,३२० किलो गेले की २,००० गेले, त्याचा यात संबंधच नाही. तासांचंही तसंच, ऑपरेटरनं पुढे आलेला प्रमाण वेळ जसाच्या तसा स्वीकारला की झालं. अशा कारखान्यात आमच्या ऑर्डरवर पोलादाची तफावत शून्य दिसली असती आणि सगळ्यांनी एकमेकांना चहा पाजला असता.

ते १६८ किलो मात्र कुठे जात नाहीत. ते संगणकातल्या साठ्यात राहतात आणि शेडमध्ये नसतात. मार्चअखेरीला मोजदाद होते, तेव्हा वर्षभरातल्या अशा सगळ्या ऑर्डरींचे किलो एकत्र होऊन 'साठ्यातली घट' म्हणून बाहेर येतात. तोवर गज संपलेला असतो, त्याच्या चिप्स विकून झालेल्या असतात, आणि संशय स्टोअरकीपरवर येतो. एका कारखान्यात एका सरळ माणसावर मी असा संशय येताना पाहिला आहे. त्याच्या हातून एक किलोही गेलं नव्हतं, गडबड बीओएममध्ये होती. म्हणून ज्या ऑर्डरींवर मटेरियलची तफावत महिनोन्महिने शून्य आहे, त्यांची यादी मी आधी काढतो. खऱ्या कारखान्यात पोलाद कधीच ग्रॅमवर मोजून जात नाही. बॅकफ्लश नट-बोल्टसारख्या किरकोळ वस्तूंना ठीक आहे. ज्या मालावर खर्चाचा मोठा भाग उभा आहे, तो वजन करूनच द्यायला हवा आणि त्याची मोजदाद वर्षातून एकदा न करता दरमहा व्हायला हवी.

आणखी एक सापळा ऑर्डरच्या स्थितीचा. ऑर्डरचा माल पूर्ण जमा झाला असेल किंवा तिला `TECO`, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या बंद, असा शिक्का लागला असेल, तरच प्रणाली तिची तफावत काढते. एरवी तिच्यावरचा सगळा खर्च 'चालू काम' म्हणून ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसून राहतो. आमच्या ऑर्डरवर मागणी हजारांची आणि जमा ९६० ची. कोणी हातानं बंद केली नसती तर प्रणाली उरलेल्या चाळीस पिनांची वाट पाहत राहिली असती आणि ३३,६०० रुपयांचा तोटा मालमत्ता म्हणून मिरवत राहिला असता. महिनाअखेरीला अर्धवट जमा झालेल्या जुन्या ऑर्डरींची यादी काढून एकेक विचारून बंद करणं, हे कंटाळवाणं काम तफावत वाचण्याच्या आधी करावंच लागतं.

एखादी ऑर्डर वारंवार त्याच दिशेनं हटत असेल, तर मात्र माणसांकडे न जाता प्रमाणाकडे जावं. गिऱ्हाइकानं पिनेचं माप बदललं, नवा लेथ आला, टूल बदललं, आणि राउटिंगमध्ये तीन वर्षांपूर्वीची ६ मिनिटं तशीच राहिली, असं सर्रास होतं. दर महिन्याला तफावत अनुकूल येणं हेही याच आजाराचं लक्षण असतं. सैल प्रमाणावर रोज शाबासकी मिळते, पण विक्रीवाले त्याच फुगलेल्या १६५ वर भाव सांगून ऑर्डर गमावून बसतात.

आमच्या पिनांच्या बाबतीत प्रमाण बरोबर होतं, म्हणून ते बदललं नाही. जाड गजामुळे सात मिनिटं लागतात, तर राउटिंगमध्ये सात मिनिटं टाका, अशी सूचना आली होती. मी तिला विरोध केला. तसं केलं असतं तर पुढच्या महिन्यात तफावत नाहीशी झाली असती आणि महाग पीन हीच रीत होऊन बसली असती.

४२ च्या गजाला आता स्वतःचा कोड आहे. तो ४० च्या ऑर्डरवर वापरला तर प्रणाली त्याला वापरातली वाढ न म्हणता 'वेगळं मटेरियल वापरलं' अशा स्वतंत्र ओळीत दाखवते, आणि पर्यायी गज घेण्याआधी खरेदी विभागाला भावाशेजारी वजन आणि कातण्याची मिनिटं लिहावी लागतात. वीज गेल्याचे तास वेगळ्या नोंदीत जातात. पुढच्या वेळी ४० चा गज बाजारात नव्हता तेव्हा खरेदीवाल्यांनी तो हिशेब आधी मांडून पाहिला आणि चार दिवस थांबायचं ठरवलं.